बहिर्वेशन करूनही अचूकता वाढत नसेल तर: समलंब नियमाच्या तक्त्यातील दोष कसा शोधावा

समलंब नियमाने एखाद्या इंटिग्रलची किंमत काढायची, पायरी निम्मी करून ती पुन्हा काढायची आणि दोन्ही उत्तरांच्या बहिर्वेशनातून अधिक अचूक उत्तर मिळवायचे, ही रिचर्डसन आणि रोम्बर्ग यांच्या नावाने ओळखली जाणारी रीत अनेकांच्या प्रोग्राममध्ये असते. ती ‘चालत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेले तक्ते मी गेली अनेक वर्षे तपासत आलो आहे. रीत चुकीची असल्याचे एकदाही आढळले नाही. ती ज्या गृहीतावर उभी आहे ते गृहीत त्या विशिष्ट फलनाला लागू नव्हते, किंवा प्रोग्राममध्ये एखादी लहान चूक राहून गेली होती, असेच दर वेळी निघाले. यातील कोणता प्रकार आपल्या वाट्याला आला आहे हे तक्ता स्वतःच सांगतो. मात्र त्यासाठी अंतिम उत्तराकडे पाहण्याआधी लागोपाठच्या फरकांचे गुणोत्तर पाहावे लागते.

लक्षणे

पुढीलपैकी एखादे लक्षण दिसत असेल तर ही टिपणी आपल्यासाठी आहे.

- पायरी निम्मी केल्यावर त्रुटी चौथाई होत नाही. ती निम्मी किंवा साधारण एक तृतीयांशच होते.
- बहिर्वेशित उत्तर मूळ उत्तराहून थोडेसेच बरे असते आणि पुढे सुधारण्याचा वेगही मूळ उत्तरांइतकाच राहतो.
- बहिर्वेशित उत्तर मूळ उत्तराहून उघडपणे वाईट असते.
- गुणोत्तर कधी ८ येते, कधी २, आणि ते कोठेच स्थिरावत नाही.
- सुरुवातीच्या ओळी उत्तम असतात, पण खालच्या ओळींत गुणोत्तराला काही अर्थच उरत नाही.

निरोगी तक्ता कसा दिसतो

समलंब नियम प्रत्येक लहान पट्टीत वक्राच्या जागी सरळ जीवा धरतो. पट्टीची रुंदी h असेल तर वक्र आणि जीवा यांमधले क्षेत्रफळ साधारण h³/12 गुणिले f″ इतके असते. अशा पट्ट्यांची संख्या 1/h च्या प्रमाणात वाढत असल्याने एकूण त्रुटी h² च्या प्रमाणात उरते. सगळ्या पट्ट्यांतील f″ ची बेरीज केली की दोन टोकांच्या उतारांतील फरकच शिल्लक राहतो, आणि ऑयलर-मॅक्लॉरिन सूत्र हीच गोष्ट पुढच्या पदांसह नेमकेपणाने मांडते:

```
T(h) - I = (h^2/12)  [f'(b) - f'(a)]
         - (h^4/720) [f'''(b) - f'''(a)] + ...
```

यात T(h) हे h पायरीचे समलंब उत्तर, I ही इंटिग्रलची खरी किंमत आणि a, b ही अंतराची टोके. येथे h च्या फक्त सम घाताची पदे आहेत, आणि बहिर्वेशनाचा सारा लाभ त्यातून येतो. h² चे पद काढून टाकले की पुढचे पद h³ चे नसून थेट h⁴ चे असते. म्हणजे एका बहिर्वेशनात अचूकतेची कोटी दोनाने वाढते. पायरी निम्मी केल्यावर h² चे पद चौथाई होते, म्हणून `R = T(h/2) + (T(h/2) - T(h))/3` असे घेतले की ते पूर्ण नाहीसे होते. (हा पहिला बहिर्वेशित स्तंभ म्हणजे सिम्प्सनचाच नियम.) दुसऱ्या स्तंभात ३ च्या जागी १५ येतात आणि तिसऱ्यात ६३.

eˣ चे ० ते १ पर्यंतचे इंटिग्रल, ज्याची खरी किंमत १.७१८२८१८ आहे, पुढीलप्रमाणे दिसते.

| पट्ट्या | समलंब | फरकांचे गुणोत्तर | पहिले बहिर्वेशन |
|---|---|---|---|
| १ | १.८५९१४०९ | | |
| २ | १.७५३९३११ | | १.७१८८६१२ |
| ४ | १.७२७२२१९ | ३.९४ | १.७१८३१८८ |
| ८ | १.७२०५१८६ | ३.९८ | १.७१८२८४२ |

गुणोत्तर ४ कडे सरकते आहे. बहिर्वेशित स्तंभातील त्रुटी ०.०००५७९, ०.००००३७ आणि ०.०००००२३ अशा आहेत, म्हणजे दर पायरीला त्या सुमारे सोळाव्या भागावर येतात. आठ पट्ट्यांच्या मूळ उत्तरातील त्रुटी ०.००२२ होती, त्याच नऊ बिंदूंवरच्या किमतींतून, फलनाची एकही नवी किंमत न काढता, ती जवळपास हजारपटीने घटली.

पहिली तपासणी: गुणोत्तर छापून पाहा

याला काहीच खर्च नाही, कारण लागणाऱ्या सर्व किमती आधीच काढलेल्या असतात. खरी किंमत माहीत असण्याचीही गरज नाही. लागोपाठच्या उत्तरांतील फरक पुरेसे आहेत.

```python
def trap(f, a, b, n):
    h = (b - a) / n
    s = 0.5 * (f(a) + f(b))
    for i in range(1, n):
        s += f(a + i * h)
    return h * s

T = [trap(f, a, b, 2**k) for k in range(7)]
for k in range(2, 7):
    print((T[k-1] - T[k-2]) / (T[k] - T[k-1]))
```

पायरी निम्मी केल्यावर h² चे पद चौथाई होते हे गृहीत धरूनच सूत्रात ३ ने भागलेले आहे. गुणोत्तर ४ च्या जवळ नसेल तर तो भागाकार चुकीच्या आकड्याने होतो आहे, हे बहिर्वेशन करण्याआधीच कळते. पहिल्या एक-दोन ओळींत गुणोत्तर भलतेच आले तरी घाबरू नये, कारण पट्ट्या फार रुंद असताना पुढची पदेही मोठी असतात. चौथ्या-पाचव्या ओळीपासून पुढे काय होते ते पाहावे.

दुसरी तपासणी: प्रोग्राम x³ वर चालवा

फलनाला दोष देण्याआधी प्रोग्राम निर्दोष आहे याची खात्री करावी. x³ चे ० ते १ पर्यंतचे इंटिग्रल ०.२५ आहे. एका पट्टीने ०.५ येते, दोन पट्ट्यांनी ०.३१२५, आणि बहिर्वेशनाने (४ × ०.३१२५ − ०.५)/३ म्हणजे नेमके ०.२५. x³ चा तिसरा विकलज स्थिर असल्याने h⁴ चे पद आणि त्यापुढची सगळी पदे शून्य असतात. म्हणून येथे उत्तर ‘जवळपास’ बरोबर येऊन चालत नाही, ते तंतोतंत बरोबर यायला हवे.

ते तसे येत नसेल तर दोन चुका आधी शोधाव्यात. टोकाच्या दोन किमतींना अर्धे वजन द्यायचे राहून गेले असेल तर उत्तरात (h/2)(f(a) + f(b)) इतकी जादा भर पडते आणि गुणोत्तर २ च्या आसपास येते. दुसरी चूक अधिक लपलेली असते: `x = x + h` असे करत `while x < b` या अटीवर लूप चालवणे. दशांश ०.१ हा संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका मांडता येत नाही. दुहेरी अचूकतेत तो दहा वेळा मिळवला की बेरीज ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते, ती १ पेक्षा लहान ठरते आणि लूप एक फेरी जास्त मारतो. ० ते १ या अंतरावर १/२, १/४, १/८ अशा पायऱ्या मात्र नेमक्या मांडता येतात, त्यामुळे तेथे ही चूक दिसतच नाही आणि दुसऱ्या अंतरावर अचानक उगवते. म्हणून वरच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक बिंदू `a + i * h` असा स्वतंत्रपणे काढला आहे.

तिसरी तपासणी: गुणोत्तर ४ पेक्षा फारच मोठे आहे का?

असे असेल तर फलन बहुधा आवर्ती आहे आणि इंटिग्रल पूर्ण आवर्तनावर घेतलेले आहे. दोन्ही टोकांना f′ सारखा, f‴ सारखा, पुढचे विकलजही सारखे. त्यामुळे वरच्या सूत्रातील प्रत्येक कंस शून्य होतो आणि साधा समलंब नियमच विलक्षण वेगाने अचूक होत जातो. e^(cos x) चे ० ते २π पर्यंतचे इंटिग्रल ७.९५४९२६५ आहे. चार पट्ट्यांनी ७.९८९३२३४ येते आणि आठ पट्ट्यांनी ७.९५४९२७८, म्हणजे त्रुटी अवघी दशलक्षांशाच्या आसपास. आता यावर सवयीने बहिर्वेशन केले तर उत्तर ७.९४३४६२६ होते आणि त्रुटी ०.०११ वर जाते. जे पद मुळात नाहीच ते वजा करण्याच्या प्रयत्नात आपण चार पट्ट्यांच्या उत्तरातली मोठी त्रुटी एक तृतीयांश प्रमाणात परत आत आणली.

येथे करायचे काहीच नसते. बहिर्वेशन काढून टाकावे आणि साधा समलंब नियम वापरावा.

चौथी तपासणी: फक्त खालच्याच ओळी बिघडल्या आहेत का?

वरच्या ओळींत ३.९८, ३.९९६, ३.९९९ असे सुरळीत चाललेले गुणोत्तर खाली अचानक वाकडे झाले, तर लागोपाठचे फरक किती मोठे आहेत ते पाहावे. दुहेरी अचूकतेत सुमारे १६ सार्थ अंक मिळतात. फरक उत्तराच्या १०⁻¹⁴ किंवा १०⁻¹⁵ पटीवर आला की त्यात पूर्णांकनाखेरीज काही उरत नाही. बहिर्वेशनाच्या पुढच्या स्तंभांत ही अवस्था लवकर येते, कारण ते लवकर अचूक होतात. गुणोत्तर जेथवर शहाण्यासारखे वागते, तेथवरच्याच ओळी घ्याव्यात.

मोजमापातून आलेल्या आकड्यांना हेच अधिक कडकपणे लागू होते. आकडे दोन दशांश स्थळांपर्यंतच असतील तर प्रत्येकात ०.००५ पर्यंत अनिश्चितता आहे आणि कोणतेही बहिर्वेशन ती पुसू शकत नाही. पहिल्या बहिर्वेशनात प्रत्येक आकड्याचे वजन धनच राहते, त्यामुळे सर्वांत वाईट परिस्थितीत ती तेवढीच उरते.

पाचवी तपासणी: अंतराच्या आत कोठे कोपरा आहे का?

गुणोत्तर उड्या मारत असेल तर बहुधा फलनाच्या आलेखात मध्येच कोपरा असतो. प्रोग्राममध्ये `abs`, `max`, `min` किंवा `if` दिसले की मी प्रथम तेथेच बोट ठेवतो. |x − ०.३| चे ० ते १ पर्यंतचे इंटिग्रल ०.२९ आहे. समलंब उत्तरे अनुक्रमे ०.५, ०.३५, ०.३, ०.२९३७५, ०.२९०६२५, ०.२९०२३४३७५ अशी येतात आणि फरकांची गुणोत्तरे ३, ८, २, ८ अशी. पुढेही २ आणि ८ यांची पाळी संपत नाही.

याचे कारण हाताने तपासता येते. हे फलन कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना सरळ रेषाच असल्याने कोपरा असलेली पट्टी सोडून इतर सर्व पट्ट्यांत त्रुटी शून्य आहे. त्या एका पट्टीत कोपरा डाव्या कडेपासून पट्टीच्या θ भागावर असेल तर त्रुटी h²θ(1 − θ) इतकी येते. पायरी निम्मी होत जाते तसा θ ०.३, ०.६, ०.२, ०.४, ०.८ आणि पुन्हा ०.६ असा फिरतो, त्यामुळे θ(1 − θ) हा गुणक पहिल्या ०.२१ नंतर ०.२४ आणि ०.१६ यांत हेलकावत राहतो. h² आहे, पण त्याचा गुणक स्थिर नाही, आणि बहिर्वेशन तर गुणक स्थिर असल्याच्या भरवशावर चालते. परिणामी बहिर्वेशित उत्तरे ०.३, ०.२८३३, ०.२९१७, ०.२८९६ अशी खऱ्या किमतीच्या वरखाली होत राहतात.

उपाय सोपा आणि पूर्ण आहे: कोपऱ्यापाशी अंतर तोडावे, ० ते ०.३ आणि ०.३ ते १ अशी दोन इंटिग्रले स्वतंत्रपणे काढावीत आणि शेवटी बेरीज करावी. फलनात कोपऱ्याऐवजी सरळ उडीच असेल तरीही हेच करावे. मात्र तेव्हा तोडलेल्या बिंदूवर डावीकडच्या तुकड्याला डावीकडची किंमत आणि उजवीकडच्याला उजवीकडची द्यायला विसरू नये.

सहावी तपासणी: टोकाला विकलज अनंत होतो का?

सर्वांत जास्त वेळ खाणारा प्रकार हाच, कारण यात गुणोत्तर स्थिर असते, शांत असते आणि तरीही चुकीचे असते. काही महिन्यांपूर्वी एका सहकाऱ्याने दाखवलेल्या तक्त्यात बहिर्वेशनाचे पाच स्तंभ होते आणि पाचही एकाच संथ गतीने सुधारत होते. त्याच्या फलनात वर्गमूळ होते. त्याचेच सर्वांत साधे रूप म्हणजे √x चे ० ते १ पर्यंतचे इंटिग्रल, ज्याची किंमत २/३ आहे.

| पट्ट्या | समलंब | फरकांचे गुणोत्तर | ३ ने भागून बहिर्वेशन |
|---|---|---|---|
| १ | ०.५०००००० | | |
| २ | ०.६०३५५३४ | | ०.६३८०७१२ |
| ४ | ०.६४३२८३० | २.६१ | ०.६५६५२६३ |
| ८ | ०.६५८१३०२ | २.६८ | ०.६६३०७९३ |
| १६ | ०.६६३५८१२ | २.७२ | ०.६६५३९८२ |

गुणोत्तर ४ कडे जात नाही, ते २.८३ कडे, म्हणजे २ च्या १.५ व्या घाताकडे चालले आहे. याचा अर्थ त्रुटीत h² च्या आधी h^1.5 चे एक पद बसलेले आहे. ते कोठून आले हे पहिल्याच पट्टीत दिसते: ० ते h या भागात √x चे खरे क्षेत्रफळ (2/3)h^1.5 आहे, तर समलंब नियम (1/2)h^1.5 देतो. केवळ एका पट्टीत (1/6)h^1.5 ची तूट पडली, आणि शेजारच्या पट्ट्यांची कमी होत जाणारी तूट त्यात मिळते. ऑयलर-मॅक्लॉरिन सूत्रात f′(a) लागतो; येथे f′(0) अनंत असल्याने ते सूत्र आहे तसे लागूच पडत नाही.

बहिर्वेशित स्तंभातील शेवटच्या दोन त्रुटी ०.००३५९ आणि ०.००१२७ आहेत आणि त्यांचेही गुणोत्तर २.८३ आहे. ३ ने भागण्याच्या क्रियेने h² चे पद खरोखरच काढले, पण मोठे असलेले h^1.5 चे पद जागेवरच राहिले. आता ते पदही त्याच्या स्वतःच्या गुणकाने काढू. २.८२८४ मधून १ वजा करून १.८२८४ येतात, शेवटच्या दोन बहिर्वेशित किमतींतील फरक ०.००२३१८९ आहे, त्याला १.८२८४ ने भागून ०.००१२६८३ येतात, ते ०.६६५३९८२ मध्ये मिळवले की ०.६६६६६६४ मिळतात. त्रुटी ०.०००००१ च्याही खाली गेली, आणि फलनाची एकही नवी किंमत काढावी लागली नाही.

तरीही माझा कल या उपायाकडे नाही. शुद्ध √x ला h^1.5 हे एकच विषम पद आहे, परंतु √x ला दुसऱ्या एखाद्या फलनाने गुणलेले असेल तर h^2.5, h^3.5 अशी पदेही येतात. ती सर्व ओळखून प्रत्येकाला योग्य गुणक देत बसणे म्हणजे चुकीला वाव ठेवणे होय. चल बदलणे अधिक खात्रीचे असते. x = t² घेतले की √x dx चे 2t² dt होते. यावर एका पट्टीने १ येते, दोन पट्ट्यांनी ०.७५, आणि नेहमीच्या बहिर्वेशनाने (३ − १)/३ म्हणजे नेमके २/३. हाच बदल 1/√x सारख्या, टोकाला किंमतच अनंत होणाऱ्या फलनांनाही बहुतेक वेळा पुरतो.

हा दोष कधी कधी एक स्तंभ उशिरा दिसतो, हे ध्यानात ठेवावे. x^1.5 ला शून्यापाशी f′ सांत आहे, म्हणून समलंब स्तंभाचे गुणोत्तर ४ कडेच जाते आणि सर्व ठीक वाटते. पण तेथे f″ अनंत असल्याने पुढचे पद h^2.5 चे असते, आणि बहिर्वेशित स्तंभाचे गुणोत्तर १६ न येता ५.६६ च्या आसपास राहते. म्हणून गुणोत्तर प्रत्येक स्तंभाचे स्वतंत्रपणे छापावे: समलंब स्तंभात ४, पहिल्या बहिर्वेशित स्तंभात १६, दुसऱ्या बहिर्वेशित स्तंभात ६४. जेथे अपेक्षित आकडा येत नाही, त्याच्या उजवीकडचे स्तंभ वापरू नयेत.

कोठे थांबावे आणि कोणाला विचारावे

पुढील परिस्थितींत स्वतःच्या प्रोग्रामची डागडुजी थांबवावी. गुणोत्तर उड्या मारते, पण फलन दुसऱ्या कोणाच्या बंद प्रोग्राममधून येत असल्याने कोपरा कोठे आहे हे शोधताच येत नसेल, तर पायरी जागेनुसार आपोआप लहान करणारी तयार पद्धत वापरावी. उदाहरणार्थ SciPy मधील `scipy.integrate.quad`. ती उत्तरासोबत त्रुटीचा अंदाजही देते. मात्र तो अंदाज मोठा आला किंवा इशारा छापला गेला, तर तो दाबून पुढे जाऊ नये.

फलन अंतराच्या आत अनंत होत असेल, अतिशय वेगाने आंदोलन करत असेल, किंवा इंटिग्रल चार-पाच चलांहून अधिक चलांत असेल, तर संख्यात्मक विश्लेषण हाच ज्याचा विषय आहे अशा व्यक्तीकडे जावे. तेथे समलंब नियम हे साधनच बदलावे लागते. आकडे मोजमापाचे आणि गोंगाटाचे असतील तर प्रश्न संख्याशास्त्रज्ञाचा आहे. ज्या आकड्यावर एखाद्या बांधकामाची किंवा औषधाच्या मात्रेची सुरक्षितता अवलंबून आहे, तो तर गुणोत्तरे अगदी नेमकी आली तरी दुसऱ्या जाणकाराने स्वतंत्र पद्धतीने काढून पाहिल्याशिवाय वापरू नये.

मदत मागायला जाताना केवळ अंतिम उत्तर घेऊन जाऊ नका. फलनाचे सूत्र, अंतराची दोन्ही टोके, किमान सहा ओळींची समलंब उत्तरे सर्व अंकांसह आणि प्रत्येक स्तंभाची गुणोत्तरे एका कागदावर मांडून न्या.